जीन्सचा बॉटम शिवताना मशीन जाड शिवणीवर उडी मारतं? टाका नेमका कुठे बिघडतो ते आधी बघा

जीन्स आखूड करून बॉटम दुमडला, टीप सुरू केली, सगळं नीट चाललंय. मांडीकडच्या शिवणीपाशी पोचलो की मशीन जागच्या जागी धडधडतं, एकाच भोकात चार टाके पडतात, मग फूट एकदम पुढे घसरतं आणि पुढचा टाका अर्ध्या इंचाचा पडतो. कधी सुई मोडते, कधी खाली दोऱ्याचं जाळं होतं. बाकी सगळी टीप सुरेख आणि त्या दोन बोटांच्या जागेतच घोळ. मशीन दुरुस्तीला दिलं तर बहुतेकदा ‘मशीनमध्ये काही नाही’ असंच उत्तर येतं, आणि ते बरोबर असतं. बिघाड मशीनमध्ये नसतो, फुटाखालच्या उंचसखलपणात असतो.

टेन्शनचा स्क्रू फिरवायची घाई करू नका. हा लोकांचा आवडता उपाय आहे आणि या दुखण्यावर तो जवळपास कधीच लागू पडत नाही. उलट सपाट भागावरची चांगली टीपही त्यानं बिघडते.

आधी थर मोजू. बॉटम दोनदा दुमडला की सपाट भागात कापडाचे ३ थर होतात: बाहेरचा, आतला आणि दुमडीत लपलेला मधला. जीन्सच्या मांडीकडच्या शिवणीत दोन कापडांच्या कडा एकमेकींत अडकवून वरून दोन समांतर टिपा मारलेल्या असतात, तिथे दुमडण्याआधीच ४ थर असतात. तोच भाग तिहेरी झाला की ४ गुणिले ३, म्हणजे १२ थर. नेहमीचं १२ औंसाचं डेनिम साधारण पाऊण मिलिमीटर जाड धरलं तर सपाट भाग सव्वादोन मिलिमीटर आणि त्याला लागूनच ९ मिलिमीटरचा उंचवटा. घरगुती मशीनचं फूट उचलल्यावर खाली जागा मिळते पाच-सहा मिलिमीटर. म्हणजे काही ठिकाणी उंचवटा फुटाखाली जाणंच कठीण, मग त्यावर शिवणं तर दूरच. बाहेरच्या बाजूची शिवण बहुतेक जीन्समध्ये उघडून दाबलेली असते, तिथे ६ थरच होतात, म्हणून तिथे मशीन फारशी कुरकुर करत नाही. काही जीन्समध्ये हे उलटं असतं, तेव्हा दोन्ही शिवणी चिमटीत धरून बघा.

चढावर, उतारावर की माथ्यावर?

बिघडलेली टीप उसवण्याआधी तिच्याकडे नीट बघा. टाके कुठे बिघडलेत यावरून कारण कळतं.

उंचवटा सुरू होण्याआधीच बारीक बारीक टाके एकावर एक पडले असतील, तर तो चढाचा घोळ आहे. कापड तुमच्याकडून मागे सरकतं, म्हणजे उंचवटा समोरून येतो. फुटाचं पुढचं टोक आधी त्यावर चढतं आणि मागची टाच सखल भागावरच राहते. फूट तिरकं होतं. आता ते कापडाला फक्त दोन टोकांना टेकतं आणि मध्ये, जिथे सुई उतरते आणि खालचे दात कापड ढकलतात, तिथे दाबच उरत नाही. दात खालून खरवडत राहतात, कापड हलत नाही, सुई मात्र टोचत राहते.

उंचवटा संपल्यावर लगेच एक लांब टाका किंवा चुकलेला टाका असेल, तर तो उताराचा घोळ. आता टाच उंचवट्यावर आणि टोक खाली झुकलेलं. कापड घसरून पुढे जातं, तो लांब टाका. शिवाय सुई वर येताना न दाबलेलं कापड तिला चिकटून वर उचललं जातं. सुई थोडी वर येताना तिच्या मागे दोऱ्याचा जो फास तयार व्हायला हवा तो होत नाही, शटलच्या टोकाला पकडायला काही मिळत नाही आणि टाका चुकतो.

ऐन माथ्यावर, फूट सपाट असतानाही टाके चुकत असतील किंवा ‘टक्’ असा धातूचा आवाज येत असेल, तर सुई वाकतेय. हा सुईचा प्रश्न. आणि सपाट भागावरही टाके चुकत असतील तर उंचवट्याला दोष देऊ नका. सुई बोथट आहे, उलटी बसलीय किंवा पूर्ण वर गेलेली नाही.

खाली दोऱ्याचं जाळं होण्याचं एक कारण गमतीचं आहे. उंचवटा इतका जाड असतो की फूट त्यावर आपसूकच टेकतं, आणि फूट खाली सोडायचा खटका वरच राहून जातो. खटका वर असला की टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात, वरचा दोरा मोकळा सुटतो आणि सगळा खाली जमा होतो. जाड जागेवर टीप सुरू करताना खटका हातानं चाचपून बघायची सवय लावा.

सुई

घरगुती मशीनला आपण एरवी ११ किंवा १४ नंबर लावतो. डेनिमच्या बॉटमला १६ लावा, कापड १४ औंसाचं किंवा दोरा जाड असेल तर १८. पाकिटावर १६/१००, १८/११० असं लिहिलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: १०० म्हणजे १ मिलिमीटर, ९० म्हणजे ०.९. फरक दिसायला किरकोळ आहे, पण आठ-दहा थरांतून जाताना ०.९ ची सुई वाकून बाजूला जाते आणि प्लेटवर किंवा शटलवर आपटते.

नुसती जाड सुई आणि ‘जीन्स’ असं लिहिलेली सुई यांतही फरक आहे. जीन्सच्या सुईचं टोक धारदार असतं आणि दांडा ताठ असतो. साध्या सुईचं टोक किंचित गोलसर असतं, ते डेनिमच्या घट्ट विणीत धागे बाजूला सारत वाट शोधतं आणि त्या नादात भरकटतं. लायक्रावाल्या पातळ जीन्सला मात्र १८ लावू नका, मोठी भोकं पडतात. तिथे जीन्सचीच १४ नंबर पुरते.

दुकानात मागताना घरगुती मशीनची, एका बाजूनं चपट्या दांड्याची सुई मागा. कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची सुई घरगुती मशीनमध्ये चालत नाही. आणि एका जोडीचे दोन्ही बॉटम व एखाद-दुसरी शिवण झाली की सुई बदलायला संकोच करू नका. टोचताना ‘टप टप’ आवाज येऊ लागला की ती बोथट झाली.

दोरा वर जाड, पिवळसर, जीन्सच्या टिपेचा हवा असेल तर तो फक्त वरच घ्या. बॉबिनमध्ये नेहमीचा पॉलिएस्टर दोरा भरा. दोन्हीकडे जाड दोरा घातला की खालची गाठ कापडात शिरत नाही आणि मग खरंच टेन्शनशी खेळत बसावं लागतं. टाका ३ ते ३.५ मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाका जाड कापडात रुततो आणि चढावर लवकर अडकतो.

उंचवटा कमी करणं

फूट सपाट ठेवायच्या युक्त्या पुढे सांगते, पण ९ मिलिमीटरच्या डोंगरावर त्या अपुऱ्या पडतात. आधी डोंगर फोडायचा.

समजा जीन्स ६ सेंटिमीटर आखूड करायची आहे आणि दुमड सव्वा सेंटिमीटरची, मूळ बॉटमसारखीच ठेवायची आहे. पँट आधी धुतलेली असू द्या. तयार उंचीची खूण खडूनं करा आणि तिच्याखाली २.७ सेंटिमीटर कापड सोडून कापा. अडीच सेंटिमीटर दोन दुमडींचे आणि वरचे दोन मिलिमीटर कापडाच्या जाडीचे, कारण जाड कापड वळताना तेवढं खातं. कापलेली पट्टी टाकू नका, तिचं काम पुढे आहे.

आता कापलेल्या कडेपासून सव्वा सेंटिमीटरवर पहिल्या दुमडीची रेघ येते. त्या रेघेच्या एक-दोन मिलिमीटर वर, मांडीकडच्या शिवणीवर, आडवी छोटी टीप मारून मागेपुढे करून पक्की करा. इथे अजून ४ च थर आहेत, मशीन सहज जाईल. ही टीप गाळू नका. या शिवणीवरच्या टिपा बहुतेक जीन्समध्ये साखळी टाक्याच्या असतात, आणि साखळी टाका कापला की ओढल्याबरोबर वरपर्यंत उसवत जाऊ शकतो.

टीप पक्की झाली की रेघेच्या खालचा शिवणीचा जाड पट्टाच कात्रीनं चौकोनी कापून काढा: शिवणीइतकी रुंदी, साधारण एक सेंटिमीटर, आणि कडेपासून रेघेच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडेपर्यंत खोली. हा भाग दुमडीत मधला लपलेला थर होणार आहे. तो नसला तरी बाहेरून काही दिसत नाही आणि ताकदही जात नाही, कारण टीप बाहेरच्या आणि आतल्या थरांना धरून ठेवते. १२ चे झाले ८. नऊ मिलिमीटरचे झाले सहा.

बाकीचं काम हातोडीचं. बॉटम दुमडून पिना लावा, उंचवट्यावर पाणी शिंपडा, गरम इस्त्री दाबून धरा आणि ओलसर-गरम असतानाच लोखंडी किंवा दगडी ठोकळ्यावर ठेवून वरून ठोका. वर जाड फडकं ठेवा, नाहीतर निळ्या रंगावर चकाकी येते. घरात खलबत्त्याचा बत्ता असेल तर तो हातोडीपेक्षा बरा, त्याला टोकेरी कड नसते. आठ-दहा ठोक्यांत सुताचे धागे दबून उंचवटा स्पष्ट बसतो. चिमटीत धरून कळतं: आधी गोटीसारखा लागणारा भाग आता पट्टीसारखा लागतो.

फूट सपाट ठेवणं

मघाशी ठेवलेल्या पट्टीतून बोटभर लांबीचे तुकडे कापा आणि घडी घालून टेका बनवा. किती घड्या? सपाट भागात ३ थर, उंचवट्यात ८. फरक ५ थरांचा, पण उंचवटा ठोकून दबलेला आहे, म्हणून ४ थरांची घडी घालून तीही ठोका. अंदाज तपासायचा तर बॉटम टेबलावर ठेवा, सपाट भागावर उंचवट्याशेजारी टेका ठेवा आणि दोन्हींवर स्टीलची पट्टी आडवी टाका. पट्टी डुगडुगली नाही की टेका बरोबर. जुनं एटीएम कार्डही चालतं, ते पाऊण मिलिमीटरचं म्हणजे डेनिमच्या एका थराएवढंच असतं. दोन-तीन कार्डं एकत्र चिकटवून मधोमध सुईसाठी पाच-सहा मिलिमीटर रुंदीची खाच कापली की कायमचा टेका तयार होतो.

टेका कापडाच्या वर आणि फुटाच्या खाली ठेवायचा. बरेच जण तो कापडाच्या खाली सारतात. मग दातांना कापड लागतच नाही, ते टेक्यालाच ढकलत बसतात.

चढ असा पार करायचा. फुटाचं टोक उंचवट्याला लागून वर उचललं जाऊ लागलं की थांबा. चाक हातानं फिरवून सुई कापडात पूर्ण खाली न्या. फूट उचला, मागच्या बाजूनं टेका टाचेखाली, सुईपर्यंत सारा आणि फूट सोडा. आता ते आडवं, सपाट दिसलं पाहिजे. डोळा मशीनच्या पातळीवर आणून बाजूनं बघा, वरून कळत नाही. मग चाक हातानं फिरवत टाके घाला. टेका कापडाबरोबर मागे सरकत आपोआप सुटतो, तोवर टाचही उंचवट्यावर आलेली असते.

उताराला टेका पुढे हवा. टोक उंचवट्यावरून खाली झुकायच्या आधी सुई खाली रोवून थांबा, फूट उचला आणि टोकाखाली टेका ठेवा. इथे एक अडचण आहे. कापड मागे सरकताना टेका सुईकडे येतो, आणि तो अखंड असला तर सुई त्यातूनच टीप मारते. म्हणून इथे खाचेचं कार्ड वापरा, नाहीतर दोन अरुंद घड्या सुईच्या वाटेच्या डाव्या-उजव्या बाजूंना ठेवा. टाचही उंचवट्यावरून उतरली की सुई खाली ठेवून फूट उचला आणि टेका काढून घ्या. चढावरचा टेका सगळेच लावतात, उतारावरचा विसरतात, आणि तो लांब टाका नेमका तिथेच पडतो.

काही नव्या मशीनच्या झिगझॅग फुटाला मागे किंवा बाजूला छोटं काळं बटण असतं. फूट आडवं धरून ते दाबलं की फूट त्याच पातळीत अडकतं आणि चढावर तिरकं होत नाही. उंचवट्यावर पूर्ण आल्यावर बटण आपोआप सुटतं. ते असेल तर चढाला टेक्याची गरज नाही. उताराला मात्र त्याचा उपयोग होत नाही, तिथे टेका लागतोच.

फूट डावी-उजवीकडेही कलू शकतं, हे लक्षात येत नाही. टीप आतल्या दुमडीच्या कडेजवळ असली की फुटाचा एक भाग तीन थरांवर आणि दुसरा एकाच थरावर येतो. रुंद झिगझॅग फुटाला हे जास्त जाणवतं, टीप वाकडी जाते. सरळ टाक्याचं अरुंद फूट लावलं की बहुतेक वेळा भागतं.

पायमशीनवर

जुनं काळं पायमशीन या कामाला नव्या हलक्या मशीनपेक्षा सरस आहे, जडपणामुळे ते अडत नाही. त्याचा वेगळा त्रास म्हणजे पट्टा. उंचवट्यावर खालचं मोठं चाक फिरतं, वरचं नाही, सुई मध्येच थांबते. हे उडी मारण्यापेक्षा निराळं आहे: पट्टा सैल झालाय, तो थोडा कापून पुन्हा जोडा. उंचवट्यावर पाय चालवूच नका, उजव्या हातानं चाक फिरवा.

पायमशीनला बारीक हात नसतो, ज्यावर पँटचा पाय ओवून गोल शिवता येतो. तेव्हा पँट उलटी करा आणि फूट त्या गोलाच्या आत उतरवा. असं केलं की आतमध्ये कापडाची सुलट बाजू वर येते, वरचा जाड दोरा दर्शनी बाजूला पडतो आणि दुमड खाली जाते. पँट सुलट ठेवून गोलाच्या आत शिवलं तर दुमडीची कड समोर दिसते खरी, पण बाहेरून बॉबिनचा दोरा दिसतो. सुरुवात मांडीकडच्या शिवणीच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे, सपाट भागावर करा. उंचवट्यावर सुरुवात कधीच नको, तिथे मागे पकडायला काही नसतं आणि जाळं हमखास होतं.

तरीही होत नसेल तर

वरचं सगळं करूनही माथ्यावर मशीन गुरगुरत थांबत असेल, मोटर गरम वास मारत असेल, तर ते तिच्या आवाक्याबाहेर आहे. उल्हासनगरच्या कारखान्यांत हीच जागा सेकंदात होते, कारण तिथल्या मशीनचं फूट जास्त उचलतं आणि मोटरची ताकद निराळी असते. प्लॅस्टिकच्या गिअरच्या मशीनवर जोर लावून गिअरचा दात तुटला तर दुरुस्तीचा खर्च पँटच्या किमतीएवढा होतो.

अशा वेळी उंचवट्याच्या अलीकडे टीप पक्की करून थांबा, पलीकडून पुन्हा सुरू करा आणि मधलं दीड-दोन सेंटिमीटर हातानं शिवा. जाड सुई, तोच पिवळा दोरा, उलटी टीप, म्हणजे एक टाका पुढे घेऊन अर्धा मागे. टाक्याची लांबी मशीनच्या टाक्याएवढी ठेवली की शेजारी ठेवूनही कळत नाही. बोटात अंगुस्तान घाला, सुई आरपार काढायला लहान पक्कड जवळ ठेवा. आणि मशीननं भोकं पाडून ठेवायची असतील तर दोरा काढून नुसती सुई चाकानं हळू खाली-वर करा. त्या भोकांतून हाताची सुई सहज जाते.

कमरेच्या पट्टीवरचे बेल्टचे लूप आणि चेनच्या तळाची गाठ यांना हा टेक्याचा उपाय लागू पडत नाही. तिथे थर दुमडीत लपलेले नसतात, कापून कमी करता येत नाहीत आणि फूट ठेवायला सपाट जागाही नसते. ते काम सरळ हातानं करा किंवा चप्पल-बॅगा शिवणाऱ्याकडे द्या. त्याच्या मशीनला ते दोन मिनिटांचं असतं.